ड्युअलसेन्सची उजवी स्टिक सरकते: हॉल मॉड्यूल लावण्याआधी काय तपासायचं?

ईशान_रामबाग · शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. पीएस5 चा कंट्रोलर आहे. उजव्या स्टिकला हात न लावताही कॅमेरा डावीकडे सरकत राहतो. `hardwaretester.com/gamepad` वर पाहिलं, तर एक्स अक्षाचा आकडा -0.07 ते -0.11 मध्ये हलत असतो आणि मध्येच -0.2 वर उडी मारतो. डावी स्टिक ठीक आहे. घेऊन दीड वर्ष झालं, वॉरंटी संपलेली आहे. दोन्ही बाजूंना हॉलवाली, म्हणजे चुंबकावर चालणारी मॉड्यूल टाकायचा विचार आहे, म्हणजे परत हा त्रास नको. इंदूरच्या जेल रोडवर विचारलं तर दुकानदार म्हणाला, "कोई भी लगा लो, सब एक ही है." खरंच सगळी एकच असतात का? सोल्डरिंग मला वायर जोडण्याइतपत येतं. एवढ्यावर जमेल का?

तन्मय_गेम्स · शनिवार, रात्री 10:05

दुकानदार बरोबर बोलला. सगळ्यांना 14 पाय असतात आणि ते एकाच मापात असतात. पीएस4, पीएस5, एक्सबॉक्स, स्विच प्रो, सगळीकडे तोच ढाचा बसतो. हॉट एअर मार, दोन मिनिटांत जुनं निघेल. आणि घ्यायचंच असेल तर टीएमआर चिपवालं घे, हॉल आता जुनं झालं.

विनायक_बेंच · शनिवार, रात्री 11:20

ईशान, घाई करू नकोस. तन्मयने सांगितलेली पायांची गोष्ट खरी आहे: चार पाय धातूच्या चौकटीचे, चार एल3 च्या बटणाचे, आणि दोन अक्षांचे तीन-तीन, असे चौदा. भोकांत मॉड्यूल बसेल. पण भोकांत बसणं आणि विजेला जुळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे तिथेच वाया जातात.

जुन्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक अक्षाला एक साधा पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनची पट्टी, तिच्यावरून फिरणारा पत्र्याचा हात, बस. त्याला प्लस-मायनस कळत नाही. दोन्ही टोकांची अदलाबदल केली, तर फक्त दिशा उलटते आणि कंट्रोलरचं सॉफ्टवेअर त्या हिशेबानेच लिहिलेलं असतं. म्हणून बोर्ड बनवणारा आपल्या सोयीने एका अक्षाचं प्लस डावीकडे ठेवतो, दुसऱ्याचं उजवीकडे.

हॉल मॉड्यूलमध्ये पट्टीच्या जागी चुंबक आणि एक चिप असते. चिपला प्लस हवं तिथे प्लस आणि ग्राउंड हवं तिथेच ग्राउंड लागतं. उलटं मिळालं तर तो अक्ष चालत नाही, चिप तापते, कधी कायमची जाते. म्हणून "पीएस5 साठी", "एक्सबॉक्ससाठी" असे वेगळे प्रकार विकले जातात. त्यामागे खरंच कारण असतं.

दुसरी अडचण व्होल्टेजची. ड्युअलसेन्सच्या स्टिकला साधारण 1.8 व्होल्ट मिळतात. तीन व्होल्टसाठी बनवलेली हॉल चिप तेवढ्यावर धड चालत नाही. बाहेर येणारा आकडा मधोमध थांबत नाही, किंवा स्टिक पूर्ण ढकलूनही टोकाला पोचत नाही. असं मॉड्यूल लावलं की माणूस आपल्या सोल्डरिंगला दोष देत तेच टाके पुन्हा तापवत बसतो, आणि त्यात बोर्डावरचे तांब्याचे पॅड उखडतात.

आता तुझ्या कंट्रोलरबद्दल. आकडा उड्या मारतो म्हणतोस, म्हणजे कार्बनची पट्टी झिजली आहे. आकडा हलत नसता, फक्त -0.08 वर गप्प उभा असता, तर मी आधी कॅलिब्रेशन करून बघायला सांगितलं असतं. कारण नुसतं केंद्र सरकलं असेल तर काहीच बदलावं लागत नाही. एक खात्री करून घे: स्टिक अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत ने आणि आकडा बघ. झिजलेल्या जागी तो अडखळतो, मागे-पुढे होतो.

मीनल_लोकमान्यनगर · रविवार, सकाळी 8:15

माझा पण हाच प्रश्न! स्विचच्या डाव्या जॉय-कॉनची स्टिक आपोआप वर जाते. 14 पाय सोल्डर करायचं ऐकूनच घाम फुटला. कुठे करून मिळेल इंदूरमध्ये?

विनायक_बेंच · रविवार, सकाळी 9:02

मीनलताई, तुमचं काम या धाग्यापेक्षा खूप सोपं आहे. जॉय-कॉनच्या स्टिकला सोल्डर नसतो. चपटी रिबन असते, ती बोर्डावरच्या छोट्या सॉकेटमध्ये जाते. जॉय-कॉनसाठी हॉल मॉड्यूलही त्याच रिबनसह मिळतं. बाहेरचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्यासाठी वाय00 चा स्क्रूड्रायव्हर लागतो, आत काही ठिकाणी साधा फिलिप्स. सांभाळायचं ते रिबनच्या सॉकेटचं काळं झाकण. ते आधी प्लॅस्टिकच्या टोकाने नखाइतकं वर करायचं, मग रिबन ओढायची. झाकण तुटलं तर मात्र सोल्डरवाल्याकडे जावंच लागतं. नवीन स्टिक लावल्यावर स्विचच्या सिस्टीम सेटिंगमधून कंट्रोल स्टिकचं कॅलिब्रेशन करून घ्या.

वॉरंटीचा विचार तुम्हाला फारसा करावा लागणार नाही. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे इथल्या बहुतेकांकडे बाहेरून आलेला माल असतो आणि इथे दावा लावायला कोणी नसतं.

ईशान_रामबाग · रविवार, दुपारी 1:30

दादा, सावकाश फिरवून पाहिलं. डावीकडे जाताना -0.3 च्या आसपास आकडा दोनदा मागे उडतो. म्हणजे पट्टीच गेली. आता प्लस कुठे आणि ग्राउंड कुठे, हे कसं ओळखायचं?

विनायक_बेंच · रविवार, दुपारी 2:45

जुनं मॉड्यूल बोर्डावर असतानाच मोजायचं. एकदा काढलं की संदर्भ जातो.

उघडताना खालची काळी पट्टी प्लॅस्टिकच्या टोकाने सोडव, एल1 आणि आर1 ची बटणं उचलून काढ. एकूण चार फिलिप्स स्क्रू आहेत, दोन वर, दोन खाली. मागचं कवच निघालं की बॅटरी समोर येते. मोजायला ती लागेल, पण बाकी सगळ्या कामात बॅटरी आधी काढायची. मागे बारीक रिबन असतात, टचपॅडची, ट्रिगरची. त्यांची झाकणं वर करूनच रिबन ओढायच्या. कंपनाच्या मोटारींच्या तारा बोर्डाला सोल्डर केलेल्या असतात. त्या न तोडता मोटार खाचेतून काढ आणि बोर्डासोबतच बाहेर घे. बोर्डावर बीडीएम असं लिहून पुढे आकडा असतो, 010 पासून पुढे, तो टिपून ठेव. मॉड्यूल विकणारा कुठल्या बोर्डाचं नाव देतो, ते त्याच्याशी ताडून बघता येईल.

मोजायला मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेव. बॅटरी जोड, पीएस बटण दाबून जागं कर. काळी सुई स्टिकच्या चौकटीच्या पायावर, ते ग्राउंड असतं. लाल सुई एक्स अक्षाच्या तीन पायांवर एकेक करून टेकव. एका टोकाला 1.8 च्या आसपास मिळायला हवं, दुसऱ्याला शून्य, आणि मधल्या पायावर स्टिक मोकळी असताना त्याच्या जवळपास निम्मं. हेच वाय अक्षाला. मग दुसऱ्या स्टिकलाही, कारण दोन्ही स्टिक बोर्डावर एकसारख्याच जोडलेल्या असतील असं गृहीत धरता येत नाही. सगळं कागदावर बोर्डाचं चित्र काढून लिही. सुई घसरली आणि दोन शेजारचे पाय जोडले गेले, तर बोर्ड जाऊ शकतो. म्हणून सुईचं टोक सोडून बाकी भागावर टेप गुंडाळ.

तन्मय_गेम्स · रविवार, दुपारी 3:10

एवढं मोजायची गरज काय? पीएस5 लिहिलेलं मॉड्यूल घेतलं की झालं.

विनायक_बेंच · रविवार, दुपारी 3:40

लेबल खरं असेल तर झालं. पण बाजारात एकाच डब्यात तीन प्रकारची मॉड्यूल एकत्र पडलेली असतात आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. मोजायला पंधरा मिनिटं लागतात, चौदा पाय परत काढायला दीड तास.

ओजस_एमआर10 · रविवार, सायंकाळी 6:20

आत्ता कळलं माझ्याकडे काय झालं ते. पीएस5 साठी आणलेलं एक मॉड्यूल शिल्लक होतं, ते एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला लावलं. एक अक्ष नीट चालतो, दुसरा कायम एका टोकाला. सोल्डरिंग तीनदा तपासलं.

विनायक_बेंच · रविवार, सायंकाळी 7:05

ओजस, परत सोल्डर करू नकोस. आधी कंट्रोलर चालू करून दोन्ही अक्षांचे बाहेरचे पाय मोज. जो अक्ष अडकला आहे, तिथे मॉड्यूलला जिथे प्लस हवं तिथे बोर्ड ग्राउंड देत असेल, असा माझा अंदाज आहे. तसं निघालं तर ते मॉड्यूल काढायचंच. तोपर्यंत कंट्रोलर बंद ठेव, कारण उलट्या पुरवठ्यात चिप तापते. व्होल्टेज बरोबर मिळत असेल, तर मात्र मधल्या पायाचं सोल्डर किंवा ट्रॅक बघावा लागेल.

ईशान_रामबाग · सोमवार, रात्री 8:50

मोजलं. बोर्ड बीडीएम-030. उजव्या स्टिकच्या एक्सला 1.79, मध्ये 0.84, दुसरं टोक शून्य. वायला 1.79, मध्ये 0.90. डावीकडे दोन्ही अक्ष मध्ये 0.89 आणि 0.91. कुठलं टोक प्लस ते कागदावर लिहिलं आहे. एक्सचं 0.84 म्हणजे हाच घोळ ना?

विनायक_बेंच · सोमवार, रात्री 9:30

हो, मधोमध 0.895 यायला हवं होतं, साधारण 0.05 व्होल्टने कमी आहे. पूर्ण फेर 1.79 चा, म्हणजे एका बाजूला 0.895. त्यात 0.055 चा फरक म्हणजे 0.06. टेस्टरवर दिसलेल्या -0.07 शी हे छान जुळतं.

आता मॉड्यूल घेताना विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचार. किमान व्होल्टेज किती, आणि प्रत्येक अक्षाच्या तीन पायांपैकी प्लस कुठला. उत्तर देता येत नसेल तर घेऊ नकोस. गुलीकिट आणि के-सिल्व्हर ही ओळखीची नावं आहेत, पण त्यांचेही प्रकार अनेक, म्हणून नाव पाहून थांबू नकोस. ज्याच्याकडे बेंच पॉवर सप्लाय आहे अशा मित्राकडे जाऊन लावण्याआधीच तपासता येतं. सप्लाय 1.8 व्होल्टवर ठेवून करंटची मर्यादा 20 मिलिअँपिअरवर लावायची, बाहेरच्या दोन पायांना दिशा बघून जोडायचं, आणि मधल्या पायावर मीटर. स्टिक मोकळी असताना 0.9 च्या जवळ, आणि टोकांकडे नेताना सलग वर-खाली जायला हवं. दिशा चुकली असेल तर मर्यादेमुळे चिप बहुधा वाचते.

मीनल_लोकमान्यनगर · मंगळवार, सकाळी 10:12

माझ्या मावसबहिणीचा पीएस5 कंट्रोलर आहे, पाच महिन्यांपूर्वीच घेतला. तिलाही आता थोडं सरकल्यासारखं वाटतंय. तिने हे उघडून करावं की दुकानात न्यावं?

तन्मय_गेम्स · मंगळवार, सकाळी 10:40

सील नसेल तर उघडून बंद केलेलं कोणाला कळणार? वॉरंटी तशीच राहते.

ग्राहक_रीगल · मंगळवार, दुपारी 12:25

तन्मयभाऊ, सील हा मुद्दाच नाही. सर्व्हिस सेंटरवाला कवच उघडतो आणि सोल्डर बघतो. कारखान्यात यंत्राने लावलेले टाके एकसारखे आणि मंद चमकीचे असतात. हाताने लावलेले चकचकीत, कमीजास्त उंचीचे, आजूबाजूला फ्लक्सचा पिवळसर थर. शिवाय मॉड्यूलच वेगळं. लपवण्यासारखं काही उरत नाही, आणि लपवून दावा करणं म्हणजे खोटं सांगणंच झालं.

मीनलताई, पाच महिन्यांत उघडूच नका. खरेदीचं बिल काढा आणि त्यावरची तारीख आणि विक्रेता बघा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. बिल भारतातलं हवं. बाहेरून आणलेल्या कंट्रोलरला इथे सेवा मिळेल असं धरून चालू नका. मग टेस्टरवर हात न लावता आकडा हलतो, असा तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. तक्रार लेखी करा, ईमेलने किंवा कंपनीच्या साइटवर, आणि मिळालेला क्रमांक जपा. सेंटरमध्ये नेताना कंट्रोलरचा क्रमांक आणि फोटो पावतीवर नोंदवून घ्या. चार्जिंगची केबल वगैरे सोबत द्यायची गरज नाही. नाकारलं तर कारण लेखी मागा. उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 क्रमांक आहे, आणि त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोग.

ओजस_एमआर10 · मंगळवार, दुपारी 1:05

पण राइट टु रिपेअर आहे ना आता? सरकारने पोर्टल काढलं होतं.

ग्राहक_रीगल · मंगळवार, दुपारी 2:00

डिसेंबर 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने पोर्टल सुरू केलं, ते खरं. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे. पण घरी सोल्डर केलेल्या कंट्रोलरवर वॉरंटी चालू ठेवायला कंपनी बांधील आहे, असं त्यातून निघत नाही. मोबाइल, गाड्या, शेतीची यंत्रं आणि घरगुती उपकरणं हे त्यातले मुख्य गट आहेत.

एक गोष्ट मात्र वादाची आहे. कंट्रोलर उघडला म्हणून कन्सोलची वॉरंटी जाते का? माझ्या मते जाऊ नये, कारण कन्सोलला हात लागलेला नाही. पण कंट्रोलर त्याच डब्यातून, त्याच बिलावर आला असेल तर सेंटरवाला काय भूमिका घेईल, हे आधी लेखी विचारून घेतलेलं बरं.

विनायक_बेंच · मंगळवार, सायंकाळी 6:45

मीनलताई, बहिणीला एक सांगा. कवच न उघडता कॅलिब्रेशन करता येतं, पण ते कायमचं सेव्ह केलं की कंट्रोलरच्या आतली नोंद बदलते. वॉरंटीचा दावा करायचा असेल तर तेही करू नये. आधी दावा, मग प्रयोग.

ईशान, आता तुझं मूळ काम. जुनं मॉड्यूल काढणं हेच अवघड, नवीन लावणं त्याच्या पाव हिश्शाचं.

तन्मयची हॉट एअरची सूचना मला नको वाटते. चौदाही टाके एकदम वितळवायला बोर्ड बराच तापवावा लागतो, आणि मॉड्यूलच्या शेजारी प्लॅस्टिकची सॉकेटं असतात, ती आधी मऊ पडतात. अनुभवी हातात होतं, पण पहिल्या प्रयोगाला नाही.

मॉड्यूलला जपायचं नाही, कारण ते फेकूनच द्यायचं आहे. हे मनात पक्कं केलं की अर्धं काम सोपं होतं. बॅटरी काढ. बाजूच्या दोन पोटेन्शिओमीटरच्या प्लॅस्टिकच्या चकत्या क्लिप उचकून सैल कर, आणि त्यांचे तीन-तीन पाय बोर्डाच्या वर लहान फ्लश कटरने काप. बटणाचे चार पायही सहज पोचत असेल तर काप. मग चौकट, स्प्रिंग वगैरे मोकळं होतं आणि भोकांत नुसते पायांचे तुकडे राहतात. एकेक तुकडा काढायला एक टाकाच तापवावा लागतो, चौदा नाही.

कारखान्यातलं सोल्डर शिसं नसलेलं असतं, ते साधारण 217 अंशांना वितळतं. त्यात आपलं 63/37 चं सोल्डर, जे 183 ला वितळतं, थोडं घालून मिसळलं की ते लवकर पातळ होतं. आयर्न 350 वर, चपट्या टोकाचा, फ्लक्स सढळ. तापवायचं, चिमट्याने तुकडा हलकेच ओढायचा, तो आपणहून आला तरच. ओढताना अडतो तो पाय अजून वितळलेला नाही. चौकटीचे चार पाय ग्राउंडच्या तांब्याला जोडलेले असतात आणि उष्णता तिकडे पळते, तिथे 380 पर्यंत न्यावं लागतं आणि पाच-सहा सेकंद थांबावं लागतं. भोकं मोकळी करायला डिसोल्डर पंप, उरलेलं विकने, म्हणजे तांब्याच्या वेणीने. भोकात अजून सोल्डर असेल, तर नवीन घालून परत ओढ. कोरड्या विकने घासत बसलं की पॅड सुटतो.

नवीन मॉड्यूल बसवताना एक चौकटीचा पाय लावून थांब. बाजूने बघ, तळ बोर्डाला चारही बाजूंनी टेकलाय का. एक बाजू अर्धा मिलिमीटर वर राहिली तर टोपी कवचाच्या कडेला घासते आणि केंद्र बिघडतं. नीट असेल तर समोरचा पाय, मग बाकीचे, प्रत्येकी दोन-तीन सेकंद. सतत तापवू नकोस, आतलं प्लॅस्टिक आणि चुंबक उष्णतेला नाजूक आहेत. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स साफ कर.

ईशान_रामबाग · शनिवार, रात्री 10:15

लावलं. आधी फक्त उजवी. सगळं सावकाश केलं, दोन तास लागले. एक्स उत्तम चालतो. वाय वर नेला की टोकाला जाऊन अडकतो, खाली केला तरी वरच. कवच अजून उघडंच आहे.

विनायक_बेंच · शनिवार, रात्री 10:50

बंद न करता थांबलास हे छान केलंस. वायच्या तीन पायांवर मोज. बाहेरच्या दोन्हींवर 1.79 आणि शून्य मिळतंय का? मिळत असेल तर मधला पाय बघ. मॉड्यूलच्या पायावर 0.9 येत असेल, पण बोर्डाच्या ट्रॅकच्या पुढच्या भागावर येत नसेल, तर टाका किंवा पॅड तुटला. बोर्डाला काहीच न मिळाल्याने तो टोकाचा आकडा वाचतो. आणि मॉड्यूलच्या पायावरच 0 किंवा 1.79 अडकलेलं असेल, तर मॉड्यूल खराब.

ईशान_रामबाग · रविवार, सकाळी 9:20

मॉड्यूलच्या मधल्या पायावर 0.91, स्टिक फिरवली की बदलतं. म्हणजे मॉड्यूल जिवंत आहे. पॅडच्या कडेला बारीक भेग दिसते, सुईने ढकललं तर पॅड हलतो.

विनायक_बेंच · रविवार, सकाळी 10:00

पॅड उखडलाय. घाबरायचं कारण नाही. मधल्या पायाकडून निघालेला ट्रॅक डोळ्याने शोध, तो जवळच्या एखाद्या लहान गोल टेस्ट पॉइंटपर्यंत किंवा घटकापर्यंत जातो. सातत्य तपासायचा बीप लावून खात्री कर, आधी बॅटरी काढून. 0.1 मिलिमीटरच्या एनॅमल तारेचं टोक तापवून लेप जाळ, आणि मॉड्यूलच्या पायापासून त्या बिंदूपर्यंत तार जोड. तारेला थोडा ढिलेपणा ठेव आणि वर यूव्ही मास्क किंवा कॅप्टॉन टेपचा तुकडा लाव, नाहीतर कवच लावताना ती ताणली जाते.

ईशान_रामबाग · रविवार, सायंकाळी 7:35

तार लावली. वाय चालतो. आता केंद्र एक्स -0.03, वाय 0.04. आकडा मात्र स्थिर आहे, उड्या नाहीत. पण टोकाला ढकलण्याआधीच 1.00 येतं, आणि गोल फिरवल्यावर टेस्टर सरासरी 13 टक्के चूक दाखवतो.

विनायक_बेंच · रविवार, रात्री 8:20

हे अपेक्षितच. कंट्रोलरमध्ये जुन्या मॉड्यूलची नोंद आहे. `dualshock-tools.github.io` क्रोममध्ये उघड, यूएसबी केबलने जोड. आधी केंद्राचं कॅलिब्रेशन कर. त्यात स्टिक दरवेळी एका कोपऱ्यात नेऊन सोडायची असते. हळूच सोड, हात मागे घे, मगच पुढे जा. मग फेराचं कॅलिब्रेशन, त्यात स्टिक कडेने गोल फिरवायची, फार जोर न लावता. सुरुवातीला बदल तात्पुरते ठेव, कंट्रोलर बंद करून परत जोडला की ते जातात. टेस्टरवर समाधान झालं की मगच कायमचं सेव्ह कर.

गोलाईची चूक शून्यावर आणायचा हट्ट धरू नकोस. चौकटीच्या आतल्या खिडकीचा आकार तिच्यात मोजला जातो. फेर इतका ओढू नकोस की तिरकी दिशा 1 पर्यंत पोचणारच नाही.

ईशान_रामबाग · रविवार, रात्री 9:10

केंद्र दोन्ही 0.00 ते 0.01. चूक 7.8 टक्के. पूर्ण ढकलल्यावरच 1 येतो. सेव्ह केलं.

तन्मय_गेम्स · रविवार, रात्री 9:25

म्हणजे आता कायमचं सुटलं. टीएमआर असतं तर अजून चांगलं आलं असतं.

विनायक_बेंच · रविवार, रात्री 10:05

कायमचं नाही, तन्मय. झिजणारी पट्टी गेली एवढंच. स्प्रिंग त्याच पद्धतीची आहे, एल3 च्या बटणाचा घुमटही. स्प्रिंग ढिली झाली की स्टिक केंद्रावर यायला आळस करते आणि ते टेस्टरवर परत सरकणंच वाटतं. फक्त तेव्हा कॅलिब्रेशन काही महिने सांभाळून घेतं, झिजलेल्या पट्टीवर घेत नव्हतं.

टीएमआरबद्दल तुझं अर्धं पटतं. तो चिपचा प्रकार करंट कमी घेतो, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला शोभतो. पण गेममध्ये फरक हाताला जाणवतो का, याबद्दल मला खात्री नाही. दोन्हींना चुंबकच लागतं, आणि चुंबक तापलं की थोडं कमजोर होतं. त्यात केंद्र फारसं सरकत नाही, कारण तिथे क्षेत्र आधीच शून्याजवळ असतं. फेराचं टोक मात्र किंचित आत येतं. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत खेळणाऱ्याला ते दिसतं का, कोणी थंडीत आणि उन्हाळ्यात तोच कंट्रोलर मोजला असेल तर आकडे टाका.

ओजस_एमआर10 · रविवार, रात्री 10:30

एक्सबॉक्स मोजला. अडकलेल्या अक्षावर मॉड्यूलला प्लस हवं तिथे बोर्ड ग्राउंड देतोय. चिप गेली की वाचली, ते मॉड्यूल काढून बेंचवर लावल्याशिवाय कळणार नाही. ईशान, डावी स्टिक केव्हा करतोयस?

ईशान_रामबाग · रविवार, रात्री 10:41

डावीला अजून हात लावणार नाही. तिचं केंद्र 0.01 वर आहे.